अक्षावरचा काळ

भूजलाच्या नोंदी समान अंतराने होत नाहीत, आणि त्यांचा आलेख काढताना होणाऱ्या एका सामान्य चुकीचे मूळ याच गोष्टीत आहे. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी साधारणपणे वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हे अंतर दोन महिन्यांचे असते, तर पावसाळ्यापूर्वीची नोंद मेमध्ये झाल्यास जानेवारीपासूनचे अंतर चार महिन्यांचे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक विहीर घेऊ. जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली 10 नोव्हेंबर 2022 रोजी 2.56 मीटर, 10 जानेवारी 2023 रोजी 5.00 मीटर आणि 25 मे 2023 रोजी 10.40 मीटर होती, असे समजू. पहिल्या 61 दिवसांत पाणी 2.44 मीटरने उतरले आणि पुढच्या 135 दिवसांत 5.40 मीटरने; भागाकार केला तर दोन्ही वेळा उतार दिवसाला 4 सेंटिमीटर इतकाच येतो. मात्र एक्सेलने या तारखा मजकूर म्हणून घेतल्या, तर तो तिन्ही नोंदी आडव्या अक्षावर सारख्या अंतरावर मांडतो, आणि दुसरा तुकडा पहिल्याच्या सुमारे सव्वादोन पट तीव्र दिसू लागतो. असा आलेख पाहणारा जाणकारही उन्हाळ्यात उपसा वाढल्याचा निष्कर्ष काढील, जरी आकड्यांत त्याला कसलाच आधार नसला तरी.

एक्सेलच्या लेखी खरी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरला जातो आणि त्या हिशेबाने 10 नोव्हेंबर 2022 म्हणजे 44875, तर 10 जानेवारी 2023 म्हणजे 44936. या दोहोंतील 61चा फरक अक्षावर अंतर म्हणून उतरतो. मजकुराला मात्र असे मूल्य नसते. तो केवळ एक नाव असतो, आणि नावांमध्ये क्रम असला तरी अंतर नसते. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर 25/05/2023 ही नोंद, पंचविसावा महिना अस्तित्वात नसल्याने, मजकूरच राहते. 10/11/2022 मात्र मुकाट्याने 11 ऑक्टोबर होते, आणि ही दुसरी चूक अधिक घातक असते, कारण ती तारखेच्या वेषात वावरते. पहिली चूक ओळखणे सोपे असते : मुद्दाम बदल केलेला नसेल तर मजकूर सेलच्या डाव्या कडेला आणि तारीख उजव्या कडेला चिकटते, तसेच स्वरूप General केल्यावर खऱ्या तारखेच्या जागी पाच आकडी संख्या दिसते.

दुरुस्तीचा क्रमही यातूनच ठरतो. आधी Text to Columns मध्ये DMY हा पर्याय निवडून मजकुराच्या तारखा कराव्यात, आणि नंतर Format Axis मध्ये Date axis निवडून मूळ एकक Days ठेवावे. Months ठेवल्यास एकाच महिन्यातील दोन नोंदी एकाच उभ्या रेषेवर येतात. मजकूर तसाच ठेवून केवळ Date axis निवडल्यास अक्षावर जानेवारी 1900मधील तारखा उमटतात, आणि हीच चुकीची सर्वांत स्पष्ट खूण होय.

नोंदींतील खंडाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. ऑगस्टची नोंद झालीच नाही आणि तिची ओळही तक्त्यात नाही, तर Date axis त्या काळासाठी जागा सोडतो, पण रेषा मेपासून नोव्हेंबरपर्यंत सरळ ओढली जाते आणि मधल्या पावसाळ्यातील पुनर्भरण, म्हणजे पावसाचे पाणी मुरून पातळी वर येणे, जणू संथ गतीने सलग घडले असे भासते. म्हणून त्या तारखेची ओळ ठेवून खोलीची सेल खरोखरच रिकामी ठेवावी आणि रिकाम्या सेलसाठी Gaps हा पर्याय निवडावा. सूत्राने "" असे उत्तर दिलेली सेल रिकामी दिसत असली तरी आलेखात शून्य म्हणून येते, आणि खोलीच्या आलेखात शून्याचा अर्थ विहीर काठोकाठ भरली असा होतो. सूत्र वापरायचेच असेल तर त्याने NA() द्यावे आणि Show #N/A as empty cell हा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर रेषा खंड ओलांडून सरळ जोडली जाते.

अर्थात अक्ष बिनचूक झाला तरी दोन नोंदींमधील रेषा हे मोजमाप नव्हे. 25 मेनंतरही पाऊस येईपर्यंत पाणी उतरतच असते, आणि ऑगस्टच्या बिंदूकडे थेट जाणारी रेषा तो उतार गाळून टाकते. म्हणून प्रत्येक नोंद ठळक बिंदूने दाखवावी आणि रेषा फिकट ठेवावी; मोजले गेले आहेत ते फक्त बिंदू.