कोडिंगच्या कागदावरचे ०.९९

मुलांच्या बुद्धिमापनाचं काम करणाऱ्या कुणालाही 'मिसिक' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. ही चाचणी नागपूरची, हे मात्र नागपूरकरांनाही बहुधा ठाऊक नसतं. डॉ. आर्थर मॅलिन यांनी इथे काम करताना वेक्सलर यांच्या 'विस्क' या अमेरिकन चाचणीचं भारतीय रूप घडवलं आणि १९६९ मध्ये ते 'मॅलिन्स इंटेलिजन्स स्केल फॉर इंडियन चिल्ड्रेन' या नावानं आलं. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी तिच्यात अकरा उपचाचण्या आहेत, सहा तोंडी आणि पाच हातानं करायच्या. सदरमधल्या माझ्या खोलीत ती पेटी रोज उघडते. तिच्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थीही येतात आणि त्यांच्या प्रकरणांत एक तक्ता हमखास असतो : प्रत्येक उपचाचणीपुढे विश्वसनीयतेचा एक आकडा. ०.७८, ०.८४, ०.९९. विद्यार्थी खूश असतो तो शेवटच्या आकड्यावर. माझी पेन्सिल आधी तिथेच थांबते.

हा आकडा येतो कुठून? एकच चाचणी त्याच मुलाला दोनदा देणं अवघड असतं. मूल परगावी जातं, पालक पुन्हा येत नाहीत, आणि आलेच तर मुलाला उत्तरं आठवतात. म्हणून एकाच बैठकीतल्या उत्तरपत्रिकेचे दोन भाग करायचे. सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे, विषम दुसरीकडे, प्रत्येक मुलाचे दोन गुण काढायचे आणि त्या दोन रांगांचा सहसंबंध पाहायचा. पहिले निम्मे आणि शेवटचे निम्मे असे भाग करता येत नाहीत, कारण प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. पहिल्या भागात सगळेच पास आणि दुसऱ्यात सगळेच नापास अशी गत होते.

समजा, सम-विषमचा सहसंबंध ०.६० आला. तो अर्ध्या चाचणीचा झाला, आणि प्रश्न कमी असले की नशिबाचा वाटा वाढतो. पूर्ण लांबीचा अंदाज काढायचा तर त्या आकड्याची दुप्पट घ्यायची आणि एक अधिक तोच आकडा यानं भागायचं : १.२० भागिले १.६०, म्हणजे ०.७५. हे सूत्र स्पिअरमन आणि ब्राउन या दोघांनी १९१० मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात स्वतंत्रपणे मांडलं. प्रबंधात ०.७५ दिसला की मी विचारते, दुरुस्तीच्या आधीचा की नंतरचा? गप्प बसणारे बरेच असतात.

पण सम-विषमच का? मूळ विस्कमधल्या 'माहिती' या उपचाचणीत तीस प्रश्न आहेत. त्यांचे सारखे दोन भाग ७,७५,५८,७६० प्रकारे होऊ शकतात आणि प्रत्येक वाटणीचा आकडा थोडा वेगळा येणार. आपल्याला सोयीची वाटणी निवडण्याचा मोह इथेच होतो. क्रॉनबाक यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं की ज्याला आपण अल्फा म्हणतो, तो अशा सगळ्या वाटण्यांच्या विश्वसनीयतेची सरासरी असतो. आज संगणक तो क्षणात काढून देतो, त्यामुळे वाटणीचा वाद मिटला. आकड्याच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता त्या ०.९९ कडे येऊ. तो असतो 'कोडिंग'चा. कागदाच्या वरच्या पट्टीत एक ते नऊ आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण असते. खाली नुसते आकडे ओळीनं दिलेले असतात आणि मुलानं रिकाम्या चौकोनात त्या त्या आकड्याची खूण भरायची. मोठ्या मुलांना वेळ १२० सेकंद. स्टॉपवॉच दाबलं की खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज असतो. मुलं चुकत जवळजवळ नाहीतच, फक्त कुणी भरभर पुढे जातं आणि कुणी मागे राहतं.

इथे सम-विषम केलं तर काय होतं ते बघा. एका मुलानं २३ चौकोन भरले, दुसऱ्यानं ३१, तिसऱ्यानं ३८, चौथ्यानं ४४. विषम चौकोन अनुक्रमे १२, १६, १९, २२ आणि सम ११, १५, १९, २२. दोन रांगा जुळ्या निघाल्या! निघणारच. जो अडतिसाव्या चौकोनापर्यंत पोचला, तो एकोणीस विषम आणि एकोणीस सम चौकोन ओलांडूनच पोचला. यात मापनाची स्थिरता कुठे दिसली? हीच मुलं पंधरा दिवसांनी याच क्रमानं लागतील की नाही, याबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही. अल्फानंही सुटका होत नाही, त्यातही हाच फुगवटा येतो. म्हणून १९७४ च्या सुधारित विस्कमध्ये कोडिंगसाठी अर्धविभाजन वापरलंच नाही. काही काळानं चाचणी पुन्हा घेऊन सहसंबंध काढला. ते जमणार नसेल तर साठ-साठ सेकंदांचे दोन स्वतंत्र कागद, दोन्हींना वेगळं घड्याळ लावून द्यावेत. मग निदान एका कागदावरचा वेग दुसऱ्यावर टिकतो का, ते तरी कळतं.

असाच फुगवटा तोंडी उपचाचण्यांत आडवाटेनं शिरतो. ओळीनं ठरावीक प्रश्न चुकले की थांबायचं, हा नियम. पुढचे न विचारलेले प्रश्न शून्य धरले जातात, आणि संगणकाला न विचारलेलं शून्य आणि चुकलेलं शून्य यात फरक कळत नाही. ती सगळी शून्यं एकमेकांशी छान जुळतात.

याहून जास्त फसवतं ते वयांचं मिश्रण. विद्यार्थी सहा ते पंधरा वयाची मुलं एकत्र करून कच्च्या गुणांवर अल्फा काढतो. एकाच वयाच्या मुलांत गुणांचं प्रमाण विचलन ३ आणि मापनातली चूक १.५ असेल, तर चुकीच्या वर्गाला विचलनाच्या वर्गानं भागून एकातून वजा केलं की ०.७५ उरतात. सगळी वयं एकत्र केली की विचलन ६ होतं. चूक तीच, पण आकडा ०.९४! चाचणी तसूभरही सुधारलेली नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाहून जास्त येतं, एवढंच आपण मोजलं, आणि ते सांगायला चाचणी कशाला लागते? बुद्ध्यांक काढताना मुलाची तुलना त्याच्याच वयाशी होते, तेव्हा खरा कामाचा आकडा ०.७५.

एवढा कीस का काढायचा, याचं उत्तर मला एका आईनं विचारलेल्या प्रश्नात होतं. दोन अहवाल टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, मागच्या खेपेला अठ्ठ्याहत्तर होता, आता बहात्तर. पोरगं मागं पडलं का जी?"

"नाही हो ताई," मी म्हटलं, "एवढा फरक चाचणीतच असतो."

बुद्ध्यांकाचं प्रमाण विचलन १५. विश्वसनीयता ०.९१ धरली तर एका मापनातली प्रमाणित चूक साडेचार गुणांची, आणि दोन मापनांतल्या फरकाची सहाहून थोडी जास्त. म्हणजे सहा गुणांची घसरण नुसत्या योगायोगानं सहज होऊ शकते. तेच कुणी फुगलेला ०.९६ धरला असता, तर चूक तीन गुणांची दिसली असती आणि बहात्तर म्हणजे सत्तरच्या रेषेवर नक्की, असं वाटलं असतं. त्यात हा ०.९१ एकाच बैठकीवरून काढलेला असेल, तर तो त्या दिवसाचा ताप, झोप किंवा अनोळखी खोलीची भीती धरतच नाही, त्यामुळे खरी चूक साडेचारपेक्षा मोठीच असणार.

म्हणून माझ्या अहवालात नुसता बहात्तर कधी नसतो. शेजारी ६३ ते ८१ ही कक्षा लिहिते, विश्वसनीयता कोणत्या पद्धतीची धरली तेही लिहिते, आणि कोडिंगचा गुण इतर चार कृतिचाचण्यांपेक्षा फार वेगळा असेल तर त्याखाली रेघ मारून पुन्हा बोलावते. पालकांना दुसरी खेप जड जाते, हे दिसतं. तरी बोलावते.