दहा रुपयांच्या गोलाईत अडकलेला फेब्रुवारीचा पगार

फेब्रुवारी उजाडला की आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. एक वार्षिक स्नेहसंमेलनाची बिलं आणि दुसरी आयकराचा फॉर्म. मुरूड असो, रेवदंडा असो की श्रीवर्धन, गुरुजी मधल्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले दिसतात. पगाराची बेरीज, वजावट, कर, उपकर सगळं हातानं. फॉर्म वर जातो आणि राहिलेला कर फेब्रुवारीच्या पगारातून एकदम कापला जातो.

यंदा ओळखीतल्या एका गुरुजींनी त्यांचा फॉर्म मला दाखवला. फॉर्म त्यांनी पेन्सिलीनं भरला होता, पण वर पाठवण्याआधी 'तपासून' देताना कुणीतरी लाल पेनानं आकडे बदलले होते. खाली लिहिलं होतं, देय कर ६२,४०० रुपये. गुरुजी म्हणाले, "अहो पत्रकार, वर्षभर सगळे सांगत होते बारा लाखांपर्यंत कर नाही. मग हे बासष्ट हजार आले कुठून? पोरीची फी या महिन्यात भरायची आहे."

मी काही सीए नाही. पण बजेटच्या बातम्या करून करून करमोजणी बऱ्यापैकी वाचता येते. त्यामुळे दोघं बसलो आणि ओळ न् ओळ पाहिली. आकडे गुरुजींच्या परवानगीनं आणि थोडे बदलून देतो, हिशेबाचा गाभा तोच आहे.

आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करपद्धत. वर्षाचा पगार १२,५८,११६ रुपये. नव्या पद्धतीतली प्रमाणित वजावट ७५,००० वजा केली की उरतात ११,८३,११६. बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज १६,८८७ रुपये ७५ पैसे. बेरीज १२,००,००३ रुपये ७५ पैसे. पेन्सिलीनं हेच लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.

लाल पेनवाल्यानं काय केलं, तर 'दहाच्या पटीत करायचं असतं' हा नियम लक्षात ठेवून प्रत्येक ओळच दहाच्या पटीत केली. पगार १२,५८,१२० झाला. वजावटीनंतर ११,८३,१२०. व्याज १६,८९० झालं. बेरीज १२,००,०१०. म्हणजे उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं. रिबेट गेला असं धरून पूर्ण कर लावला. चार लाखांपर्यंत शून्य, चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर दहा टक्क्यांनी ४०,०००, वरच्या दहा रुपयांवर पंधरा टक्क्यांनी दीड रुपया. ६०,००१ रुपये ५० पैसे. त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २,४०० रुपये ६ पैसे. एकूण ६२,४०१.५६, गोल करून ६२,४००. आकडेमोड अगदी चोख, पण सुरुवातच चुकलेली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आयकर कायदा १९६१ चं कलम २८८ए. ते ओळींबद्दल बोलतच नाही. ते बोलतं एकूण उत्पन्नाबद्दल, म्हणजे सगळी मिळकत धरून, सगळ्या वजावटी करून शेवटी जो आकडा उरतो त्याबद्दल. तो आकडा आधी पैसे सोडून वाचायचा. मग शेवटचा अंक पाच किंवा जास्त असेल तर वरच्या दहाला न्यायचा, पाचपेक्षा कमी असेल तर खालच्या दहाला. आणि असा गोल केलेला आकडा हेच कायद्याच्या दृष्टीनं तुमचं एकूण उत्पन्न.

गुरुजींचे १२,००,००३.७५ या नियमात बसवा. पंचाहत्तर पैसे सोडले, राहिले १२,००,००३. शेवटचा अंक तीन, म्हणून उत्पन्न १२,००,००० रुपये. कलम ८७ए चा रिबेट बारा लाखांपर्यंत आहे, बारा लाख धरून. कर शून्य, आणि शून्यावर उपकर शून्य.

इथं पैसे सोडण्याचा क्रमही लक्षात ठेवा. समजा आकडा १२,००,००४.९० आला असता. बरेच जण त्याला आधी 'जवळपास पाच' करतात आणि मग पाच म्हणून दहाला नेतात. असं दोनदा गोल करायचं नाही. नव्वद पैसे आधी सोडायचे, शेवटचा अंक चार, उत्पन्न बारा लाखच.

बरं, वादासाठी धरू की उत्पन्न खरंच १२,००,०१० आहे. तरीही ६२,४०० चूकच. कारण नव्या पद्धतीत मार्जिनल रिलीफ आहे. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्यापेक्षा कर जास्त घेता येत नाही. उत्पन्न दहा रुपयांनी वर, म्हणून कर दहा रुपये. उपकर चाळीस पैसे. एकूण १०.४०, गोल करून दहा रुपये. हा रिलीफ उत्पन्न १२,७०,५८० होईपर्यंत मिळतो. तिथं पूर्ण कर ७०,५८७ होतो आणि बारा लाखांवरची रक्कम ७०,५८०, म्हणजे सात रुपये सुटतात. पुढच्या दहाला, १२,७०,५९० ला, पूर्ण कर ७०,५८८.५० म्हणजे वरच्या रकमेपेक्षा कमी होतो आणि रिलीफ संपतो.

म्हणजे एकाच माणसाच्या एकाच पगारावर तीन उत्तरं. शून्य, दहा रुपये आणि ६२,४०० रुपये. कापले असते तर रिटर्न भरून परत मिळालेही असते, पण पावसाळा निम्मा सरल्यावर. फी मात्र आत्ता भरायची होती.

दुसरी जागा उपकराची. इथं चूक दहा-वीस रुपयांचीच होते, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही. एक उदाहरण घ्या. उत्पन्न १२,९३,४३०. कर ६०,००० अधिक ९३,४३० चे पंधरा टक्के, म्हणजे १४,०१४.५०. एकूण ७४,०१४.५०. उपकर याच आकड्यावर काढायचा, २,९६०.५८. बेरीज ७६,९७५.०८. आता, आणि फक्त आता, कलम २८८बी प्रमाणे देय रक्कम दहाच्या पटीत. पैसे सोडले, शेवटचा अंक पाच, उत्तर ७६,९८०.

फॉर्मवर बहुतेक वेळा काय दिसतं? कर आधीच ७४,०१० केलेला. त्यावर उपकर २,९६०.४०, तोही २,९६० केलेला. बेरीज ७६,९७०. दहा रुपये कमी. या दहा रुपयांनी कोणी बुडत नाही. पण ज्या फॉर्मवर ही सवय दिसते, त्याच फॉर्मवर वरच्या ओळी गोल केलेल्या असण्याची शक्यता असते, आणि तिथं सीमारेषा जवळ असेल तर बासष्ट हजारांचा खड्डा पडतो.

म्हणून दुसऱ्याचा फॉर्म तपासताना मी सगळी बेरीज पुन्हा करत बसत नाही. आधी दोन खुणा बघतो.

पहिली खूण कराच्या ओळीतले पैसे. एकूण उत्पन्न दहाच्या पटीत असेल तर पाच, दहा, पंधरा, वीस, कोणत्याही टक्क्यानं कर काढला तरी शेवटी .०० किंवा .५० यांपैकीच काहीतरी येतं. दहाचे पाच टक्के पन्नास पैसे, दहाचे पंधरा टक्के दीड रुपया, असं. कराच्या ओळीत .३५ किंवा .६० दिसलं की समजायचं, उत्पन्न गोल करायचंच राहिलंय.

दुसरी खूण उपकराच्या ओळीतले पैसे. चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. त्यामुळे कराला पंचविसानं नि:शेष भाग जात असेल तरच उपकर पूर्ण रुपयांत येतो. कर ७४,०१४.५० आणि उपकर मात्र नीट २,९६० लिहिलेला असेल, तर मध्येच कुणीतरी गोल केलंय हे नक्की.

या खुणांना मर्यादा आहेत. शेअर किंवा जमिनीचा भांडवली नफा असेल, किंवा नारळ-सुपारीच्या वाडीचं शेती उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल, तर कराची मोजणीच वेगळ्या रस्त्यानं जाते आणि पैशांची ही खूण चालत नाही. तिथं जाणत्या माणसाकडेच जावं.

ज्यांना मागची थकबाकी मिळाली आहे आणि जे कलम ८९ ची सवलत काढतात, त्यांना मागची वर्षं पुन्हा हातानं मोजावी लागतात. तिथं त्या त्या वर्षाचा नियम लावायचा. २०१७-१८ पर्यंत उपकर तीन टक्के होता, दोन आणि एक अशा दोन ओळींत. चार टक्के २०१८-१९ पासून. आणि २०२२-२३ मध्ये रिबेटची रेषा पाच लाखांवर होती, मार्जिनल रिलीफशिवाय. साठ वर्षांखालच्या माणसाचं जुन्या पद्धतीतलं उत्पन्न ५,००,००४ असेल तर कर शून्य. ५,००,००५ असेल तर ते ५,००,०१० होतं, कर १२,५०२, उपकर ५००.०८, भरायचे १३,०००. एका रुपयाला तेरा हजार.

गुरुजींचं पुढं काय झालं, तर त्यांनी कोऱ्या कागदावर मोजणी पुन्हा मांडली, वर २८८ए आणि ८७ए लिहिलं आणि स्वतः घेऊन गेले. टेबलावरच्या माणसानं वाद घातला नाही. समोर फॉर्मांचा गठ्ठा होता, त्यानं कॅल्क्युलेटरवर एकदा बेरीज केली, म्हणाला, "बरोबर आहे, गुरुजी, पण प्रत्येक ओळ गोल करायची असंच आम्हाला आधीच्या साहेबांनी शिकवलेलं." त्याचं म्हणणं मला खरं वाटलं. म्हणजे त्या गठ्ठ्यातले बाकीचे फॉर्मही तसेच गोल केलेले असणार.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू. त्यामुळे ज्यांचं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आसपास घुटमळतंय, त्यांनी पगार निघायच्या आत आपल्या फॉर्मची झेरॉक्स काढा. गोल केलेले आकडे किती ठिकाणी आहेत ते मोजा. दोनच जागी असायला हवेत, एकूण उत्पन्न आणि शेवटची देय रक्कम. तिसऱ्या जागी दिसला, तर त्या ओळीपासून खाली सगळं पुन्हा मोजायला सांगा.