एका शिवीची तळटीप

संपादक महोदय,


काशिनाथ सिंह यांच्या ‘काशी का अस्सी’मधील आमच्या अनुवादित प्रकरणावर आपण लाल पेन्सिलीने एकच खूण केली आहे. ‘भोसड़ी के’ हा शब्द गाळावा, त्याजागी टिंबे द्यावीत, किंवा सौम्य मराठी प्रतिशब्द घालावा, असे आपण सुचविता. अंक घरोघरी, वडीलधाऱ्यांसमोर उघडला जातो, ही आपली अडचण आम्हांस मान्य आहे. तरीही शब्द तसाच राहावा, अशी आमची विनंती आहे.

वास्तविक मराठीत याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ‘डी’खालचा नुक्ता काढून ‘के’चे ‘च्या’ केले की झाले. अडचण नेमकी तेथेच आहे. मराठीत ही शिवी कानी पडली की मारामारीची चाहूल लागते. अस्सीवरच्या चहाच्या दुकानात मात्र समवयस्क पुरुष याच शब्दाने एकमेकांचे स्वागत करतात. शब्द तोच, पण व्यवहार उलटा. मराठी रूप दिले तर गप्पांचा अड्डा वाचकाला भांडणाचा फड वाटेल.

‘लेका’ आम्ही घालून पाहिला. सलगी आली, पण शब्द निर्मळ झाला आणि बोलणारे आपल्या माजघरात येऊन बसले. ‘आयला’ झिजून निरुपद्रवी झाला आहे खरा, परंतु तो उद्गार आहे. त्याने कोणाला हाक मारता येत नाही. टिंबांनी तर वेगळेच असत्य पदरी येते. बोलणारा न लाजता बोलतो आणि टिंबे त्याला लाजवतात. शिवाय गाळलेली अक्षरे वाचक मनात भरतोच, आणि तीही मराठी रागासकट.

म्हणून आम्ही हिंदी रूप नुक्त्यासह ठेवले. हा शब्द आपला नव्हे, हे त्या एका टिंबाने डोळ्यांना कळते. त्याच संभाषणातले ‘गुरु’ हे संबोधन आपण तसेच राहू दिले आहे. तिथल्या बोलण्यात ही दोन्ही संबोधने शेजारी नांदतात. एक ठेवून दुसरे पुसले तर काशी अर्धीच उरेल.

तळटीप पहिल्याच ठिकाणी, एकदाच येईल: “आईच्या देहावरून दिलेली शिवी. अस्सीच्या अड्ड्यावर बरोबरीच्या पुरुषांत सलगीचे संबोधन. राग की लोभ, हे प्रसंगावरून ओळखावे.” पहिले वाक्य आपण वगळू नये. शब्दाची घाण झाकून केवळ गोडवा सांगणे हीदेखील वाचकाची फसवणूकच होय.

या टिपेलाही मर्यादा आहे. वाचक तेथे क्षणभर अडखळेल आणि हसू थोडे उशिरा येईल. तेवढा तोटा आम्ही पत्करतो. तो आपणांसही मान्य नसेल, तर शब्द बदलण्याऐवजी प्रकरणच परत पाठवावे.

कळावे, लोभ असावा.