हाड जुळले, गुडघा राहिला

मांडीचे हाड म्हणजे फिमर. शरीरातले हे सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड. धडधाकट माणसाचे हे हाड मधोमध मोडायला मोठा आघात लागतो. शहरात तो दुचाकीवर होतो, खेड्यात बऱ्याचदा ट्रॅक्टरवर. येथे घेतलेले उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या ५२ वर्षांच्या एका कांदा उत्पादक शेतकऱ्याचे आहे. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून रानात निघाला होता. बांध ओलांडताना ट्रॅक्टर उसळला, शेतकरी खाली दगडावर आपटला आणि डावी मांडी मधोमध मोडली. कातडी फाटली नव्हती, त्यामुळे बाहेरून फारसे काही दिसत नव्हते. पण अशा बंद मोडीतही मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. माणूस पांढराफटक पडतो तो केवळ वेदनेने नव्हे.

दुसऱ्या दिवशी हाडाच्या पोकळीत रॉड बसवण्यात आला. जर्मन शल्यचिकित्सक गेरहार्ट क्युंत्शर यांनी १९३९ साली ही पद्धत सुरू केली. त्याआधी असा रुग्ण पायाला वजन टांगून दोन-तीन महिने खाटेवर पडून असे. आजचा रॉड दोन्ही टोकांना आडव्या स्क्रूंनी हाडात अडकवलेला असतो, त्यामुळे हाड आखूड होत नाही आणि पीळही पडत नाही. मात्र रॉड हाड जोडत नाही, नीट धरून ठेवतो एवढेच. जोडण्याचे काम हाड स्वतः करते. मोडीभोवती साचलेल्या रक्ताच्या जागी दोन-तीन आठवड्यांत मऊ भराव तयार होतो, पुढच्या महिन्यांत त्यात चुना भरत जाऊन तो कठीण होतो. या भरावाला कॅलस म्हणतात. मांडीच्या हाडाला भक्कम जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तंबाखू ओढणाऱ्याला त्याहून जास्त.

घरच्यांच्या लेखी उपचार येथेच संपतो. ‘रॉड पडला, आता आराम करायचा.’ फिजिओथेरपिस्टची खरी डोकेदुखी या वाक्यापासून सुरू होते. मोडलेल्या हाडाला थोडीफार समज असते, ते बहुतेक वेळा आपले आपण जुळते. गुडघ्याला आणि स्नायूला ती समज नसते.

गुडघा मोडलेला नसताना तो का आखडतो, हे समजायला मांडीच्या पुढच्या स्नायूची रचना पाहावी लागते. क्वाड्रिसेप्स या चार भागांच्या स्नायूचे एक टोक वाटीवाटे नडगीला जोडलेले असते. गुडघा सरळ होतो तो याच्यामुळे. त्याचा सर्वांत खोल भाग थेट मांडीच्या हाडावरच चिकटून उगवतो. हाड मोडते तेव्हा हा भागही फाटतो आणि भरून येताना खालच्या कॅलसला चिकटू पाहतो. गुडघा वाकवायचा तर स्नायू हाडावरून घसरून लांब व्हावा लागतो. चिकटलेला स्नायू घसरत नाही, मग गुडघा वाकत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी पावले वरखाली करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे आणि टाच गादीवर घासत गुडघा वाकवणे सुरू होते. व्यायाम दिसायला पोरकट असतात. रुग्णालय सुटल्यावर बंद पडतात ते बहुधा त्यामुळेच.

या शेतकऱ्याचे तेच झाले. पाच आठवडे तो घरी पडून राहिला. दुखऱ्या पायाला बरे वाटावे म्हणून आईने गुडघ्याखाली उशी ठेवली होती. ही उशी म्हणजे मायेने केलेले नुकसान. अर्धवट वाकलेल्या स्थितीत गुडघ्याला आराम वाटतो खरा, पण त्याच स्थितीत मागच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याचे आवरण आखूड होते. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नव्हे. त्यातच गावातला मालिशवाला रोज तेल लावून मांडी रगडत होता. ताज्या मोडीवर जोराची मालिश दोन कारणांनी घातक असते. पडून राहिलेल्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. (पोटरी एकाएकी ताठ, सुजलेली आणि दुखरी झाली तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळे.) शिवाय फाटलेला स्नायू पुन्हा पुन्हा चेंगरला तर त्याच्या आतच हाड तयार होऊ शकते आणि मग गुडघा कायमचा अडतो. सुदैवाने या रुग्णात दोन्ही झाले नव्हते.

पाचव्या आठवड्यात गोनिओमीटर लावल्यावर गुडघा सरळ व्हायला १५ अंश कमी पडत होता आणि वाकत होता जेमतेम ५५ अंश. डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने बारीक झाली होती. एक्स-रेमध्ये मात्र कॅलस छान दिसत होता. बायकोचा प्रश्न रास्त होता: ‘‘हाड जुळत आलंय म्हणता ना मॅडम, मग गुडघ्याला कशाला त्रास देताय?’’

पहिले काम गुडघा सरळ करण्याचे, कारण वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहिले की स्नायूला सतत ताण पडतो आणि पायही आखूड भासतो. टाचेखाली उशी घेऊन, गुडघा अधांतरी सोडून, दिवसातून अनेकदा काही मिनिटे पडून राहणे हा त्याचा साधा उपाय. काही आठवड्यांत दुसऱ्याने धरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला. पण शेतकऱ्याला स्वतःच्या जोरावर तो सरळ उचलता येईना, शेवटचे काही अंश पाय लटकत राही. याला लॅग म्हणतात. सांधा मोकळा आहे आणि स्नायू दुबळा आहे, याची ही खूण. शेवटच्या १५ अंशांसाठी क्वाड्रिसेप्सला बराच जादा जोर लावावा लागतो. लॅग असलेल्या माणसाचा गुडघा उतारावर अचानक दुमडतो. नांगरलेल्या रानात तर हमखास. त्यामुळे लॅग जाईपर्यंत या शेतकऱ्याला बांधावर एकटे जायला मनाई होती आणि ती त्याने निम्मीच पाळली.

दुसरा प्रश्न पायावर किती भार द्यायचा हा. ते शल्यचिकित्सक ठरवतो, मोडीचा प्रकार आणि रॉडची जाडी पाहून. या रुग्णाची मोड आडवी होती, दोन्ही टोके एकमेकांवर नीट टेकली होती, त्यामुळे हळूहळू भार वाढवायला परवानगी होती. अशा मोडीत भार शत्रू नसतो, दाबामुळे हाड उलट चांगले भरते. पण ‘पंधरा-वीस किलो भार द्या’ म्हटले की रुग्णाला काहीच कळत नाही. या घरात कांदा मोजायचा काटा होता. डावा पाय काट्यावर, उजवा तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हात वॉकरवर. आकडा वीसवर येईल एवढे दाबायचे आणि तो दाब लक्षात ठेवायचा. पुढे आकडा तीस, चाळीस असा वाढत गेला. दुसऱ्या दिवशी मांडीत नवे, खोल दुखणे उठले तर मागे यायचे. थांबलेले दुखणे काही महिन्यांनी चालताना पुन्हा सुरू झाले तर हाड जुळत नसल्याची शंका घ्यायची आणि एक्स-रे काढायचा. न जुळलेल्या हाडात सारा भार एकटा रॉड वाहतो आणि शेवटी थकून तोच मोडतो.

वॉकर सुटल्यावर काठी आली. ती शेतकऱ्याने सवयीने डाव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात धरली. जवळजवळ सगळेच तशी धरतात. काठी उलट्या हातात हवी. डाव्या पायावर उभे असताना शरीराचे वजन कमरेची उजवी बाजू खाली ओढते आणि डाव्या कुल्ह्याचा बाजूचा स्नायू तिला सावरून धरतो. रॉड कुल्ह्यातून घातलेला असल्याने नेमका हाच स्नायू दुखावलेला असतो, म्हणून माणूस दुखऱ्या बाजूला झुकत चालतो. पहारीचा दांडा जितका लांब, तितका धोंडा कमी जोरात हलतो. उजव्या हातातली काठी डाव्या खुब्यापासून तशीच लांब असते, म्हणून थोड्या दाबातही ती त्या स्नायूचे बरेच काम हलके करते. हे एकदा पटले की चाल आठवड्याभरात सुधारते. पण शेजारपाजारचे ‘काठी चुकीच्या हातात धरलीय’ म्हणून ती पुन्हा डावीकडे देतात.

तिसऱ्या महिन्याअखेरीस चारपैकी तीन बाजूंनी कॅलस जोडलेला दिसला. गुडघा सरळ होत होता, ९५ अंश वाकत होता. येथे बहुतेक ठिकाणी उपचार थांबतो, कारण ९० अंशांत खुर्चीवर बसता येते. हा मापदंड खुर्चीवर जगणाऱ्यांसाठी आहे. उकिडवे बसायला १३० अंशांच्या पुढे वाकणारा गुडघा लागतो, आणि शेतकऱ्याचे निंदणे, गाईचे दूध काढणे, कांदा काढणे, शौचाला बसणे सारे उकिडवेच चालते. त्यातच ‘आता आयुष्यात खाली बसायचे नाही’ असा सल्ला कुणीतरी देऊन ठेवलेला असतो. हा सल्ला सांधा बदललेल्या रुग्णांना देतात. या रुग्णाचा सांधा बदललेला नव्हता, त्याला इजाही झालेली नव्हती. हाडाचा मधला भाग मोडला होता आणि तो जुळला होता. जुळलेल्या अशा हाडाला उकिडवे बसण्याने धोका नसतो. अडचण स्नायूची असते आणि ती कमी करता येते. असे असूनही बऱ्या झालेल्या माणसांना या एका वाक्याने जन्मभर खुर्चीला बांधून ठेवले जाते.

घराच्या ओट्याजवळ विटांची चळत रचली. खिडकीचे गज धरून तिच्यावर बसायचे आणि गज न धरता उठायचे. सहज उठता आले आणि दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला नाही, तरच वरची एक वीट काढायची. सूज आली तर वीट परत ठेवायची. घोटाही आखडलेला होता, म्हणून टाचांखाली फळी दिली. एकेका विटेला कधी आठवडा लागला, कधी तीन. मधे कांद्याची लागवड आली आणि सारे दोन महिने रखडले.

दहाव्या महिन्यात तो टाचा किंचित उचलून जमिनीवर उकिडवा बसू लागला. गुडघा १३५ अंश वाकतो, मांडी अजून एक सेंटिमीटर बारीक आहे. दूध काढता येते. निंदणीला मात्र तासाभरातच उठावे लागते, आणि ५० किलोची गोणी पाठीवर घ्यायला अजून परवानगी नाही. सहा महिन्यांनंतरही गुडघा ९० अंशांच्या आत अडकलेला राहतो अशा रुग्णांत व्यायामाने फारसे काही निघत नाही. चिकटलेला स्नायू शस्त्रक्रियेने सोडवावा लागतो.

शेवटचा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो: रॉड कधी काढायचा? प्रौढ माणसात, त्याचा त्रास नसेल तर, काढायची गरज नसते. काढल्यावर स्क्रूंच्या छिद्रांपाशी हाड काही काळ कमकुवत राहते. या शेतकऱ्याचा रॉड आतच ठेवलेला आहे.