एक स्टेशन आधी

डोंबिवलीहून बोरीबंदराला रोज ये-जा करणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहावे, हे वाचून पुष्कळांना हसू येईल. प्रवासवर्णन लिहायचे ते काश्मीरचे, युरोपचे, निदान महाबळेश्वरचे तरी! पण मी एकदा हिशेब करून पाहिला. डोंबिवली ते बोरीबंदर, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे अंतर 48 किलोमीटर. जाऊन-येऊन 96. वर्षाचे 250 दिवस धरले आणि माझी सव्वीस वर्षांची नोकरी धरली, तर हा प्रवास सव्वासहा लाख किलोमीटर होतो. पृथ्वीला पंधरा प्रदक्षिणा घालून झाल्या, आणि त्यातले मला काय आठवते म्हणाल, तर समोरच्या गृहस्थांची शबनम पिशवी आणि दोन वेळा तुंबलेले पाणी!

प्रवास फार होऊनही अनुभव काहीच नाही, हाच माझ्या कंटाळ्याचा गाभा होता. काम जड नव्हते, वरिष्ठ वाईट नव्हते. तरी सकाळी डबा हातात घेताना जीव उबगून जाई, आणि रविवारी संध्याकाळपासूनच चिडचीड सुरू होई. ती अर्थातच घरच्या मंडळींवर निघे. शेवटी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आणून टेबलाच्या खणात ठेवला. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, “अहो, नोकरी सोडाल, पण मग करणार काय? हीच खुर्ची घरात मांडून बसणार ना?”

प्रश्न बिनतोड होता. अर्ज खणातच राहिला, पण मी विचार करू लागलो.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही, ते बंद पडले की मात्र चटकन लक्षात येते. मनाची ही काटकसरच आहे. जे पुढे काय होणार हे ठाऊक आहे, त्यावर ते लक्ष खर्चत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वय वाढते तशी वर्षे आखूड का वाटतात याचा विचार करताना हेच कारण सांगितले आहे. दिवसामागून दिवस एकाच साच्याचे झाले, की ते आठवणीत वेगळे उरत नाहीत, एकमेकांत विरघळून जातात. तेव्हा कंटाळलेल्या मनाला हवा असतो तो आराम नव्हे. पुढचे पाऊल कुठे पडणार हे नक्की ठाऊक नाही, अशी थोडीशी जागा त्याला हवी असते. ती महाबळेश्वरला मिळते हे खरे, पण वर्षातून चारच दिवस. उरलेल्या दिवसांचे काय?

माझे उत्तर मला मासिक पासाने दिले. पास डोंबिवलीपासून बोरीबंदरपर्यंतचा. म्हणजे मधल्या कोणत्याही स्टेशनावर उतरण्याचा हक्क मी सव्वीस वर्षे विकत घेत होतो आणि एकदाही वापरत नव्हतो! मी ठरवले, की आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, एक स्टेशन आधी उतरायचे आणि चालत जायचे.

आता यातली व्यवस्था सांगतो. आमची फास्ट लोकल भायखळ्यानंतर थेट बोरीबंदरलाच थांबते, मशीदला थांबत नाही. म्हणून भायखळ्याला उतरायचे, पूल ओलांडून स्लो लोकल धरायची; सँडहर्स्ट रोड आणि मग मशीद, दोनच स्टेशने. मशीद ते बोरीबंदर रुळांवरून सव्वा किलोमीटर. बाजारातल्या हातगाड्या चुकवीत रस्त्याने त्याला वीस मिनिटे लागतात, आणि गाडी बदलण्याची आठ-दहा निराळी. म्हणून त्या दिवशी घरून अर्धा तास आधी निघायचे. हा अर्धा तास फार महत्त्वाचा. घड्याळाकडे पाहत चाललेला रस्ता डोळ्यांत भरत नाही, तो फक्त पायांना लागतो.

पहिल्याच गुरुवारी मी मशीद स्टेशनच्या नावाजवळ अडखळलो. आजवर माझी समजूत, की जवळ मुसलमानांच्या मशिदी आहेत, त्यांपैकी एखादीवरून नाव पडले असेल. तिथल्या एका वृद्ध दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “ती मशीद ज्यूंची. सॅम्युएल स्ट्रीटवर जाऊन बघा.”

गेलो. गजबजलेल्या त्या रस्त्यावर ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, या नावाचे सिनेगॉग उभे आहे. मुंबईतले हे सर्वांत जुने सिनेगॉग, 1796 सालचे. ते बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. आडनाव वाचूनच मी थबकलो! कंपनी सरकारच्या फौजेतले हे अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि जिवानिशी सुटून आले. हे लोक बेने इस्राएल आहेत असे कळताच टिपूच्या आईने रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. सुटकेची कृतज्ञता म्हणून त्यांनी हे प्रार्थनास्थळ उभारले. मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनागृहाला ‘मशीद’च म्हणत, आणि तेच नाव पुढे स्टेशनला चिकटले, असे सांगतात.

हे बेने इस्राएल मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गावांचे. तिथे पुष्कळांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मला या नावाची मोठी गंमत वाटली. चाकोरीचे उदाहरण म्हणून आपण घाण्याच्या बैलाकडे बोट दाखवतो, आणि प्रत्यक्ष घाणेवाल्यांची गावातली ओळख मात्र घाणा ज्या दिवशी थांबे त्या दिवसावरून पडली होती!

त्या रात्री जेवताना मुलीने नेहमीसारखे विचारले, “बाबा, आज काय झाले ऑफिसात?” या प्रश्नाला माझे ठरलेले उत्तर होते, “काही नाही, नेहमीचेच.” त्या दिवशी मात्र दिवेकरांची गोष्ट सांगता सांगता ताटातली भाजी गार झाली.

पुढच्या गुरुवारी मी त्या गल्ल्यांतून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालो. घाऊक धान्याचा आणि मसाल्याचा मोठा बाजार इथून वाशीला गेला त्याला बरीच वर्षे झाली, तरी मिरच्यांची दुकाने अजून आहेत, आणि ती दिसण्याआधी नाकाला कळतात. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी अशा तीन जातींच्या मिरच्या मी शंभर शंभर ग्रॅम घेऊन घरी आलो. सौभाग्यवतींनी तीन निरनिराळ्या वाट्यांत तीच आमटी केली. बेडगीने रंग दिला पण जीभ पोळली नाही. संकेश्वरीने रंग बेताचा दिला, पण सगळ्यांना पाणी मागायला लावले. रोजच्याच आमटीवर घरात अर्धा तास वाद झाला, असा प्रसंग आमच्याकडे पूर्वी आला नव्हता.

क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 साली पुरी झाली. तिच्या दारांवरच्या कमानींत शेतकऱ्यांची कोरीव चित्रे आहेत. ती लॉकवूड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आंबे घेण्यासाठी मी तिथे किती वेळा गेलो असेन, पण नजर पेटीच्या वर कधी गेली नव्हती. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेले, की बोरीबंदरची इमारत समोरून सामोरी येते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की रोजचा उतारू ती इमारत पाहतच नाही. तो गाडीतून उतरतो, भुयारात शिरतो आणि पलीकडे निघतो. 1888 साली पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ बसला आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. सव्वीस वर्षे त्यांच्या पाठीमागून ये-जा करून त्यांची-माझी भेट सत्ताविसाव्या वर्षी झाली.

एवढ्यावर थांबलो असतो तर सारे गोडच वाटले असते. परंतु चौथ्या गुरुवारी एक गोष्ट ध्यानात आली. मी ऑफिसात पोचलो, तेव्हा वाटेत काय पाहिले ते मला सांगता येईना. नवा रस्ताही जुना झाला होता! तेव्हापासून मी एक साधी खूण ठरवली आहे. खुर्चीवर बसताना वाटेतल्या तीन गोष्टी आठवायच्या. तिन्ही आठवल्या तर रस्ता जिवंत आहे. एकच आठवली तर बदलायची वेळ झाली.

बदल म्हणजे दर वेळी नवा रस्ताच हवा असे नाही. मुंबईतले रस्तेही कधी तरी संपतील. त्याच रस्त्यावर नजर बदलली तरी पुरते. एका आठवड्यात फक्त पहिल्या मजल्याच्या वरचे पाहायचे: लाकडी सज्जे, कोरलेली सालांची अंकलिपी. दुसऱ्या आठवड्यात फक्त दुकानांच्या पाट्या. ते झाले की आणखी एक स्टेशन मागे सरकायचे. सँडहर्स्ट रोड दोन किलोमीटरवर आहे आणि तिथे खाली मुख्य लाईन तर डोक्यावर हार्बर लाईन, असे दुमजली स्टेशन आहे. भायखळा चार किलोमीटर, ते मात्र सुटीच्या दिवशीच.

माझे पाहून ऑफिसातल्या एका स्नेह्यांनी हा प्रयोग रोज सुरू केला. पंधरा दिवसांत त्यांची तीही चाकोरी झाली. शिवाय तीनदा उशिराचा शेरा पडला तो वेगळाच. मीठ चिमूटभरच घालायचे असते. आठवड्यातून एकदा, आणि एका वेळी एकच बदल, याहून जास्त मात्रा मानवत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. पगार तुटपुंजा असेल, वरिष्ठ छळत असतील, तर सॅम्युएल स्ट्रीटने त्यावर काही होणार नाही. ती दुखणी निराळी. आवडीचे पदार्थ, गाणी, माणसे, यांतले काहीच आठवडे आठवडे गोड लागत नसेल आणि झोपही उडाली असेल, तर तो कंटाळा नव्हे. तिथे रस्ता न बदलता डॉक्टर गाठावा. पण ज्यांचे सगळे ठीक चालले आहे आणि तरी जीव उबगला आहे, अशा माझ्यासारख्या पासधारकांनी आपल्या पासावर छापलेली दोन नावे एकदा वाचावी, आणि मधल्या स्टेशनांपैकी कोणते आपण आजवर फक्त खिडकीतूनच पाहिले, ते आठवावे. उतरायला जास्तीचा एक पैसाही पडत नाही.