हंगाम उलटल्यावरचं माप

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की पेणच्या बाजारात रेनकोट स्वस्त होतात. तोवर रायगडच्या वाट्याचा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो आणि दुकानदाराला दिवाळीच्या मालासाठी जागा हवी असते. थंडीच्या कपड्यांचं तसंच होतं, संक्रांत गेली की फेब्रुवारीत स्वेटर-जर्किनांचे भाव उतरतात. दोन्ही वेळा खरेदी करावी, असं माझं ठाम मत आहे. पण या खरेदीत माप चुकतं, आणि त्याचं कारण उरलेल्या साइझांपेक्षा जास्त आपल्या अंगावरच्या कपड्यांत असतं.

फेब्रुवारीतल्या दुपारी रोह्यात चांगलंच उकडत असतं. आपण पातळ टीशर्टवर जर्किन चढवतो, घाम येतो, चेन लागली की 'बसलं' म्हणून काढून टाकतो. तेच जर्किन डिसेंबरात पहाटे स्वेटरवर घालायला गेलं की छातीशी अडकतं. रेनकोटही ऑक्टोबरच्या उन्हात असाच घाईने अंगावर येतो आणि उतरतो. ज्या ऋतूसाठी वस्तू घ्यायची, तो ऋतू दुकानात नसतो. तो आपणच सोबत न्यावा लागतो.

माझा भाचा पेणहून वडखळ, नागोठणे करत धाटावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला मोटारसायकलने जातो. गेल्या नवरात्रात त्याच्यासाठी रेनसूट घ्यायचा होता. छाती 38 इंच, नेहमीचा शर्ट एल. मी त्याला कंपनीचा जाड शर्ट आणि बूट घालूनच दुकानात यायला सांगितलं. एलचा कोट उभं राहून उत्तम बसला. मग दुकानदाराच्या परवानगीने तो बाहेर लावलेल्या गाडीवर बसला, हात हँडलवर ठेवले, आणि बाही मनगटाच्या दोन बोटं वर सरकली. या उघड्या मनगटातून पाणी कोपरापर्यंत जातं. पँट गुडघ्यात दुमडल्यावर चार इंच वर गेली आणि बुटाचं तोंड उघडं पडलं. बैठकीची शिवण ताणली जात होती ती वेगळीच. रेनसूट बहुधा तिथेच आधी उसवतो.

मग डबल एक्सएल घ्यावा का? त्याची पँट टाचेखाली लोळत होती. ती सायलेन्सरला चिकटून वितळते किंवा चेनमध्ये जाते. कोटही इतका सैल की वाऱ्याने फुगून गळ्यापाशी उघडला असता. शेवटी एक्सएल ठरला. काखेपासून काखेपर्यंत सपाट मोजला तर 23 इंच, म्हणजे घेर 46. अंगापेक्षा आठ इंच जास्त, त्यात शर्ट आणि खांद्यांची हालचाल सामावते.

आपल्याकडचं इरलं बांधणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बांबूच्या कामट्यांचं ते कवच लावणीसाठी वाकलेल्या पाठीच्या आकाराचं असतं, ताठ उभ्या माणसाच्या नव्हे.

माप जमलं तरी माल तपासायचा राहतो. पीव्हीसीचा कोट पूर्ण उलगडून घडीच्या रेषा पाहाव्यात. तिथे पांढरट चरे असतील तर पुढच्या जूनपर्यंत ते फाटणार. नायलॉनच्या कोटाची आतली बाजू बोटाने दाबावी. चिकट लागली किंवा शिवणीवरची पट्टी नखाने सुटली, तर आतला थर दमट हवेने गेलेला आहे. असा कोट अर्ध्या किमतीतही घेऊ नये. घरी आणल्यावर कोट घडी न घालता हँगरवर, सावलीत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या पेटीत नवाकोरा कोटही चिकटतो.

स्वेटरचं उलट आहे. फेब्रुवारीत घेतलेल्या स्वेटरला वापरण्याआधी कोकणातला अख्खा पावसाळा काढावा लागतो, आणि त्यात बुरशी धरते. मे महिन्यात कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात डबा उघडू नये.

मुलांचं गणित निराळं. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे ऑक्टोबर ते जून साधारण चार. त्या अंदाजाने बाही थोडी लांब घ्यावी, आणि कोट दप्तर पाठीवर घेऊन घालून पाहावा, कारण दप्तरामुळे मागची बाजू वर उचलली जाते. पायाचं मात्र असं आधी धरता येत नाही. मोठा गमबूट चिखलात पायातून निघतो, लहान टाच सोलतो. मुलांचे गमबूट जूनमध्येच, मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना, पूर्ण किमतीला घ्या.