अकरा वर्षांचा अनुभव आणि एक फ्रेंच ईमेल

आपल्याकडे नोकरीचा अर्ज म्हणजे आधी जाहिरात. फ्रान्समध्ये जाहिरात नसतानाही कंपनीला स्वतःहून अर्ज पाठवण्याची जुनी रीत आहे. तिला ‘कांदिदात्यूर स्पोंतानी’ म्हणतात आणि ईमेलच्या विषयाच्या ओळीत हेच शब्द लिहितात. मीरा रोडला मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते, त्यामुळे असे अर्ज अधूनमधून नजरेखालून जातात. गेल्या वर्षी मात्र अर्ज माझ्या भाचीचा होता.

तिने अकरा वर्षे इथल्या एका रुग्णालयात कॅशलेस विम्याच्या टेबलावर काढली. जावईबापूंना ल हाव्रला नोकरी लागली. ते समुद्रकाठचे शहर, कंटेनरांचे फ्रान्समधले मोठे बंदर. तिथे फ्रेंच रुग्णालयाच्या विम्याचे नियमच वेगळे, म्हणून तिने मालाची आयात-निर्यात सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे वळायचे ठरवले. मला म्हणाली, “खाला, अकरा वर्षांनंतर मी पुन्हा फ्रेशर होणार का?”

तिच्या पहिल्या मसुद्यात तसेच झाले होते. दुसऱ्याच वाक्यात ‘मला या क्षेत्राचा अनुभव नाही’ अशी माफी. मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, म्हणजे आपला बायोडाटाच. तिथे हे कुणी मागत नाही, आणि कामाशी संबंध नसलेली माहिती उमेदवाराला विचारायलाही कायद्याने बंदी आहे. शेवटी एक घातक शब्द होता. ‘तुमचे सॉफ्टवेअर मी कालांतराने शिकेन’ असे सांगण्यासाठी तिने इंग्रजीच्या सवयीने ‘एव्हांत्युएलमां’ लिहिले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘जमल्यास, कदाचित’. वाचणाऱ्याला वाटले असते, बाई शिकायलाही तयार नाही.

‘माझी कौशल्ये दुसऱ्या क्षेत्रात वापरता येतील’ असेही तिने तीनदा लिहिले होते. हे वाक्य क्षेत्र बदलणारा प्रत्येकजण लिहितो. त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी म्हटले, “कौशल्याचे नाव पुसून टाक. टेबलावर रोज काय करायचीस ते सांग.”

ती सांगू लागली. पॉलिसीवर नाव एक, आधारवर दुसरे. डॉक्टरांच्या कागदावर तारीख चुकलेली. कागद जुळेपर्यंत मंजुरी नाही. 2024 पासून नियम असा की विमा कंपनीने भरतीची मंजुरी एका तासात आणि सुट्टीची तीन तासांत द्यायची. पण रुग्णालयाकडून गेलेला कागदच चुकीचा असेल तर प्रश्न परत येतो आणि नातेवाईक टेबलाशी ताटकळतात. बंदरातही हेच. बिलावरचे वजन आणि पॅकिंगच्या यादीतले वजन जुळले नाही की कंटेनर अडकतो, जागेचे भाडे चढत जाते. दोन्हीकडे काम एकच: दुसऱ्याच्या कागदातली चूक तो पुढे जाण्याआधी पकडायची.

हाच धागा धरून ईमेल नव्याने लिहिला. फ्रेंच रीतीप्रमाणे आधी ‘तुम्ही’, मग ‘मी’, मग ‘आपण’. मराठीत त्याचा आशय असा:

“मादाम, मस्य, आपली कंपनी न्हावा शेवाहून येणारा माल हाताळते. अकरा वर्षे मी मुंबईजवळच्या रुग्णालयात दिवसाला सुमारे वीस विमा-फायली तपासून पाठवत होते. कागदांतली विसंगती वेळेत शोधणे आणि इंग्रजी, हिंदी, मराठीत फोन करून ती दुरुस्त करून घेणे हे माझे काम. सीमाशुल्काचे नियम मला अजून शिकायचे आहेत. भारतातल्या निर्यातदारांशी कागदपत्रांचा व्यवहार मात्र मी पहिल्या आठवड्यापासून सांभाळू शकेन. वीस मिनिटे बोलण्याची संधी मिळेल का?”

शेवटी ‘बियां कोर्दियालमां’ आणि सही. पत्रात चालणारा लांबलचक निरोप ईमेलमध्ये जड वाटतो.

सीमाशुल्काची ओळ तिला नको होती. मी ठेवायला लावली. रुग्णालयातून आलेल्या बाईला ते येत नसणार हे वाचणाऱ्याला कळतेच. ते लपवले तर वरच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. फक्त ती ओळ मध्ये हवी, सुरुवातीला नाही.

ईमेल सहा कंपन्यांना गेला, जिथे मिळाले तिथे आयात विभागाच्या प्रमुखाच्या नावाने. प्रत्येकीसाठी पहिले वाक्य वेगळे लिहिले. दोन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण. चौघांनी उत्तरच दिले नाही, एकाने नकार कळवला. सहाव्या कंपनीतल्या बाईंनी लिहिले की सध्या जागा नाही, पण आल्यावर भेटा आणि ‘फ्रांस त्राव्हाय’ या सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवा. त्या कार्यालयामार्फत नव्या क्षेत्रातले काम जवळून पाहायला कंपनीत थोड्या दिवसांसाठी, जास्तीत जास्त महिनाभर, बसता येते. कंपनी त्याचा पगार देत नाही.

भाचीने बिनपगारी हा शब्द दोनदा वाचला आणि विचारले, “खाला, बोलायची वेळ कधीची मागू?”